कॅफेतला ग्लास: कॅलरी किती आणि साखर किती?

एप्रिल उजाडला आणि पारा चाळिशीच्या पलीकडे सरकला की सोलापुरात संध्याकाळी सातच्या आधी बाहेर पडणे नकोसे होते. मग सात रस्ता, होटगी रस्ता किंवा जुळे सोलापूर या भागांतील वातानुकूलित कॅफे तरुणांनी आणि आता सहकुटुंब येणाऱ्यांनीही भरून जातात. चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असतो, साखर कमी की जास्त. कॅफेतील फलकावर मात्र कोल्ड कॉफी, आईस्क्रीमसह कोल्ड कॉफी, व्हॅनिला लाटे, हेझलनट लाटे, कॅरामल फ्रापे अशी लांबलचक यादी असते. तिच्यातून निवड करताना बहुतेक जण चव आणि किंमत यांपलीकडे पाहत नाहीत. ज्यांना पाहायचे असते, त्यांनाही नेमके काय पाहावे हे उमगत नाही.

काही कॅफेंत आता पेयाच्या नावाशेजारी कॅलरीचा आकडा छापलेला दिसतो. तो मालकाने हौसेने छापलेला नसतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या लेबलिंगविषयक नियमांनुसार ज्या खाद्यगृहांकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी प्रत्येक पदार्थापुढे एका वाढीव प्रमाणातील ऊर्जा किलोकॅलरीत लिहिणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२२ पासून हे नियम लागू झाले. सरासरी हालचाल करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, मात्र ही गरज व्यक्तिपरत्वे बदलू शकते, असे वाक्यही सोबत द्यावे लागते. (आपण बोलताना ज्याला नुसती कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच होय, या लेखातही तोच अर्थ घ्यावा.) अर्थात, साखळी कॅफेंपुरताच हा नियम आहे. गावातल्या एखाद्या तरुणाने दोन गाळे भाड्याने घेऊन चालवलेल्या कॅफेला तो लागू नाही, आणि सोलापुरातील कित्येक कॅफे याच प्रकारचे आहेत.

परंतु जिथे आकडा छापलेला आहे, तिथेही तो अर्धीच गोष्ट सांगतो. फलकावर कॅलरी दिसतात, साखर दिसत नाही. साखर, प्रथिने, स्निग्धांश यांचा तपशील पुस्तिकेत अथवा संकेतस्थळावर ठेवून ग्राहकाने मागितल्यास द्यावा, अशी तरतूद आहे. पण काउंटरवर रांग लागलेली असताना तो मागणारा ग्राहक विरळाच. आणि नेमका इथेच घोळ होतो, कारण सारख्या कॅलरीच्या दोन पेयांत साखरेचे प्रमाण अगदी वेगवेगळे असू शकते. हे कसे होते हे समजण्यासाठी ग्लासात काय काय पडते ते एकदा मोजून पाहिले पाहिजे.

प्रथम कॉफीला आरोपमुक्त करू. काळी कॉफी, मग ती एस्प्रेसो असो, इन्स्टंट असो की फिल्टरचा डिकॉक्शन असो, कपाला जेमतेम दोन-पाच कॅलरी देते. जे काही वाढते ते दूध, साखर, सिरप, आईस्क्रीम, तयार पावडर आणि वरचे क्रीम यांमुळे. म्हणून पेयाचे नाव कितीही परदेशी असले, तरी हिशेब या पाच-सहा वस्तूंचाच असतो.

आता आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय ग्लास घेऊ: आईस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी. ती करण्याची रीत ठिकठिकाणी थोडीफार बदलते, पण साधारणपणे मिक्सरच्या भांड्यात १८० मि.लि. थंड दूध, तीन चमचे साखर, चमचाभर इन्स्टंट कॉफी आणि बर्फ फिरवतात, ग्लासाच्या आतल्या बाजूने चॉकलेट सिरपच्या रेघा ओढतात आणि वर व्हॅनिला आईस्क्रीमचा एक गोळा सोडतात. दूध म्हशीचे असेल, आणि सोलापूर जिल्ह्यात ते म्हशीचे असण्याची शक्यता बरीच, तर शंभर मिलिलिटरला सुमारे शंभर कॅलरी धराव्यात. म्हणजे दुधाच्या १८०. चहाचा सपाट चमचा पाच ग्रॅमचा धरला तर तीन चमचे साखर १५ ग्रॅम होते आणि ग्रॅमला चार या दराने तिच्या ६० कॅलरी होतात. साठ ग्रॅमच्या आईस्क्रीमच्या गोळ्यात १२० कॅलरी आणि वरून घातलेली सुमारे १० ग्रॅम साखर असते. वीस ग्रॅम चॉकलेट सिरप आणखी ५० कॅलरी आणि १० ग्रॅम साखर देते. बेरीज केली तर ग्लास ४१० कॅलरींचा आणि त्यात वरून घातलेली साखर ३५ ग्रॅम. तुलनेसाठी सांगायचे तर साध्या कोलाच्या ३०० मि.लि. बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते. कोला टाळून मुलांना कोल्ड कॉफी देणाऱ्या पालकांनी हा आकडा एकवार नजरेखालून घालावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनेत अशी वरून घातलेली साखर, मध व फळांच्या रसातील साखर धरून, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवावी असे म्हटले आहे. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. शक्य झाल्यास ती पाच टक्क्यांवर, म्हणजे २५ ग्रॅमवर आणावी, असेही सुचवले आहे. दिवसातले दोन-तीन चहा, जेवणातला एखादा गोड घास आणि बिस्किटे यांचा वाटा आधीच गेलेला असतो. ज्या जिल्ह्यात राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने आहेत तिथे साखरेबद्दल असे हातचे राखून बोलणे थोडे अवघड जाते, पण इलाज नाही.

कॅलरी कमी करायच्या म्हटले की बहुतेकांचा हात पहिल्यांदा दुधाकडे जातो. पंढरपुरी म्हशीचे नाव सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. तिच्या दुधात सातच्या आसपास फॅट लागते, आणि डेअरीवर दुधाला दर फॅट पाहूनच मिळतो. पिशवीतील टोन्ड दुधात मात्र फॅट तीन टक्के असते आणि शंभर मिलिलिटरला साधारण साठ कॅलरी. वरच्याच कोल्ड कॉफीत म्हशीच्या दुधाऐवजी टोन्ड दूध वापरले तर सुमारे ७० कॅलरी वाचतात. हे वाईट नाही. परंतु साखर पस्तीस ग्रॅमची पस्तीसच राहते. उलट दूध तेच ठेवून आईस्क्रीम आणि चॉकलेट सिरप वगळले तर १७० कॅलरी आणि २० ग्रॅम साखर एकदम कमी होते. ग्लास २४० कॅलरींवर येतो आणि त्यात कॉफीची चवही जरा अधिक लागते. ‘लो फॅट दूध घाला’ एवढेच सांगून निश्चिंत होणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

फ्रापेची गोष्ट निराळी आहे. मूळ ग्रीक फ्रापे हे फार साधे पेय होते. १९५७ मध्ये थेस्सालोनिकी येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात नेस्ले कंपनीच्या दिमित्रिस वाकोंदिओस नावाच्या कर्मचाऱ्याने इन्स्टंट कॉफी थंड पाणी व बर्फासह शेकरमध्ये हलवली आणि दाट फेस आला, ही त्याची जन्मकथा. ग्रीसमध्ये आजही हे पेय मागवताना साखर नको, मध्यम हवी की गोड, हे ग्राहक आधी सांगतो. अमेरिकेत मात्र बॉस्टनच्या ‘कॉफी कनेक्शन’ या कॅफेंमधले ‘फ्रापुचिनो’ हे नाव १९९४ च्या खरेदीसोबत स्टारबक्सकडे गेले, १९९५ मध्ये त्या नावाचे दाट, गोड, बर्फाळ पेय बाजारात आले आणि जगभरच्या कॅफेंनी त्याचा कित्ता गिरवला. आपल्याकडे फ्रापे म्हणून जे मिळते ते या दुसऱ्या वंशाचे. त्यात साखर किती हे सांगण्याची सोय ग्राहकाच्या हाती फारशी उरत नाही, कारण ती डब्यातल्या पावडरीत आधीच मिसळलेली असते.

ही पावडर, जिला व्यवसायात फ्रापे बेस म्हणतात, बर्फाचा चुरा आणि दूध वेगळे होऊ नयेत आणि पेय शेवटच्या घोटापर्यंत दाट राहावे यासाठी वापरली जाते. तिच्यात साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, दूध पावडर किंवा वनस्पती तेलापासून केलेली क्रीमर पावडर आणि घट्टपणा आणणारे गोंद असतात. चारशे मिलिलिटरच्या ग्लासाचा अर्धा भाग बर्फच व्यापतो. दूध जेमतेम १०० मि.लि. बसते. टोन्ड दूध असेल तर त्याच्या ६० कॅलरी. पस्तीस ग्रॅम पावडरीच्या १४५ कॅलरी आणि साखर २५ ग्रॅमच्या घरात. कॅरामल सिरपचे दोन पंप म्हणजे २० मि.लि., त्याच्या ६५ कॅलरी व १६ ग्रॅम साखर. वरच्या फेटलेल्या क्रीमच्या ८० कॅलरी व पाच ग्रॅम साखर, आणि त्यावरून सोडलेल्या कॅरामल सॉसच्या ३० कॅलरी व सहा ग्रॅम साखर. एकूण ३८० कॅलरी, साखर ५२ ग्रॅम.

हे सगळे आकडे नेहमीच्या प्रमाणांवरून काढलेले ढोबळ अंदाज आहेत. पावडरीची कंपनी बदलली किंवा काउंटरमागच्या मुलाचा हात सैल असला तर ते दहा-वीस टक्क्यांनी सहज हलतील. तरीही चित्र स्पष्ट आहे. फलकावर पाहणाऱ्याला ३८० चा फ्रापे ४१० च्या कोल्ड कॉफीपेक्षा हलका वाटेल. प्रत्यक्षात कोल्ड कॉफीच्या कॅलरींपैकी बराच भाग दुधाचा, आठ-नऊ ग्रॅम प्रथिनांसह आलेला; तर फ्रापेत दिवसभराच्या साखरेची कमाल मर्यादाच एका ग्लासात ओलांडली जाते आणि प्रथिने नावापुरती मिळतात. वजनाचा हिशेब ठेवणाऱ्याला दोन्ही सारखेच. साखरेचा हिशेब ठेवणाऱ्याला मात्र दोन्हींत सतरा ग्रॅमचे, म्हणजे तीन चमच्यांहून अधिक अंतर आहे.

फ्रापे घ्यायचाच असेल तर क्रीम आणि सॉस नको म्हणून सांगावे. ते वरून घातले जात असल्याने वगळणे कोणत्याही कॅफेला शक्य असते आणि त्याने ११० कॅलरी व ११ ग्रॅम साखर कमी होते. पावडरीत तोलूनमापून मिसळलेली साखर मात्र काढता येत नाही. पावडर कमी घातली तर पेय पातळ होते आणि काही मिनिटांत खाली पाणी, वर फेस असे दोन थर दिसू लागतात. म्हणून कॅफेवाले तसे करून देण्यास सहसा राजी नसतात, आणि त्यांचेही चूक नाही.

थंड पेयांत एवढी साखर लागतेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या जिभेत आहे. गोडी ओळखणाऱ्या पेशींमधील एक प्रथिन तापमानाप्रमाणे कमी-अधिक काम करते; गार पदार्थ जिभेवर आला की गोडीचा संदेश क्षीण होतो. वितळलेले आईस्क्रीम गोठलेल्यापेक्षा जास्त गोड लागते ते यामुळेच. त्यात बर्फ वितळून पेय पातळ होणार, हे गृहीत धरून आधीच साखर चढवलेली असते. यावरून घरबसल्या नव्हे, तर कॅफेतच करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. ग्लास आला की बर्फ टाळून दोन-तीन चमचे पेय बशीत किंवा रिकाम्या कपात काढून ठेवावे आणि दहा मिनिटांनी ते कोमट झाल्यावर चाखावे. ते पाकासारखे लागले तर साखरेचे खरे प्रमाण तेच. थंडपणाने ते झाकले होते एवढेच.

गरम फ्लेवर्ड लाटेत हा थंडपणाचा आडोसा नसतो, त्यामुळे तिथे साखर तुलनेने कमी पुरते. दोनशे मि.लि. टोन्ड दूध आणि सिरपचे दोन पंप मिळून साधारण १८५ कॅलरी होतात, वरून घातलेली साखर १६ ग्रॅम. इथे घात होतो तो टेबलावरच्या पुडीने. व्हॅनिला अथवा हेझलनट ही नुसती वासाची गोष्ट आहे अशी अनेकांची समजूत असते. मग नेहमीच्या कॉफीप्रमाणे साखरेच्या दोन पुड्या फोडून ढवळल्या जातात आणि १६ चे २६ ग्रॅम होतात. सिरप म्हणजे वास मिसळलेला साखरेचा पाकच. त्याच्या दर दहा मिलिलिटरला सात-आठ ग्रॅम साखर असते, आणि बाटलीवरच्या लेबलावर ते छापलेलेही असते. एकच पंप घालायला सांगितले तर वास पुरेसा राहतो आणि साखर निम्म्यावर येते. मोठा कप मागवला की दुधासोबत पंपही वाढतात, हेही लक्षात असू द्यावे.

ज्या कॅफेकडून पोषणतपशील मिळतो, तिथे एकूण साखरेचा आकडा वाचताना दुधातली नैसर्गिक साखर वजा करावी लागते. दुधात शंभर मिलिलिटरला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असते. म्हणून काहीही गोड न घातलेल्या साध्या लाटेपुढेही नऊ-दहा ग्रॅम साखर लिहिलेली दिसते आणि ग्राहक उगाच बिचकतो. व्हॅनिला लाटेपुढे २६ लिहिले असेल आणि दूध २०० मि.लि. असेल, तर साडेनऊ दुधाचे, उरलेले साडेसोळा सिरपचे. फ्रापेच्या बाबतीत नेमकी उलटी काळजी घ्यावी. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टमय पदार्थ लेबलवर साखरेच्या ओळीत मोजला जात नाही, मात्र त्याच्याही ग्रॅमला चारच कॅलरी असतात आणि रक्तातील साखर तो झपाट्याने वाढवतो. तिथे साखरेची ओळ न पाहता एकूण कर्बोदकांची ओळ पाहावी.

बिगर-साखळी कॅफेत पुस्तिका नसते; तिथे विचारण्यावाचून गत्यंतर नाही. ‘साखर नको’ असे म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा मान डोलावतो आणि आपला चमचा डब्यात घालत नाही, हे खरे. परंतु कॉफीचा अर्क बाटलीत आधीच गोड करून ठेवलेला असेल, प्रीमिक्स वापरले असेल किंवा कंडेन्स्ड मिल्कची धार सोडली असेल, तर त्याच्या लेखी ती साखर नव्हेच. यात फसवणुकीचा हेतू नसतो. प्रश्नच नेमका विचारला पाहिजे: ‘पावडर गोड आहे का? साखर वेगळी घालता का?’ वेगळी घालत असतील तर तीनऐवजी दीड चमचा सांगता येते. घालत नसतील तर ते पेय आहे तसे घ्यायचे किंवा दुसरे निवडायचे, एवढेच हाती राहते.

गूळ, मध किंवा ब्राऊन शुगर घातलेल्या पेयांना हल्ली जास्त पैसे मोजले जातात. कॅलरींच्या आणि साखरेच्या हिशेबात त्यांना वेगळा न्याय नाही. ग्रॅममागे थोडाफार फरक पडतो तो त्यांतील पाण्याच्या अंशामुळे. ओट दुधाचेही तसेच. ओट दळून विकरांची प्रक्रिया केली की त्यातील पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो, त्यामुळे ‘साखर घातलेली नाही’ असे लिहूनही ते गोड लागते. शुगर-फ्री सिरपमध्ये सुक्रालोजसारखे द्रव्य असते आणि पाकाच्या कॅलरी त्यामुळे खरोखरच टळतात. पण तेवढ्याने फ्रापेची पावडर शुगर-फ्री होत नाही. लाटेत घातले तरच त्या सिरपचा पुरता उपयोग.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत वरची वजाबाकी पुरेशी नाही. दुधातले लॅक्टोजही शेवटी कर्बोदकच आहे. बिनसाखरेच्या मोठ्या लाटेतील दहा ग्रॅम त्यांनी जेवणाच्या हिशेबात धरलेच पाहिजेत, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस ठरवताना याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवावे. ज्यांना दुधाचे प्रमाण आवरते ठेवायचे आहे त्यांच्यासाठी उडुपी हॉटेलातील फिल्टर कॉफी अजूनही सोयीची आहे. छोट्या पेल्यात दूध सत्तर मिलिलिटरच्या आसपास बसते, म्हशीच्या दुधाच्या सत्तर कॅलरी आणि दोन चमचे साखरेच्या चाळीस, असा सगळा मामला ११० चा. चिकोरीने त्यात उल्लेखनीय भर पडत नाही. साखर न घालता मागवली आणि एक चमचा स्वतः घातला तर ९० वर येतो. अट इतकीच की असे चार पेले दिवसात होऊ नयेत, कारण मग ते मुकाट्याने त्याच एका कोल्ड कॉफीच्या जवळपास जाऊन पोहोचतात.